जेएमएफसीची तयारी आणि एलएल.बी.चं शेवटचं सत्र : सुरुवात सीपीसीपासून, तीही एका दाव्याच्या मागोमाग

प्रश्न : मॅडम, मी साताऱ्यात एलएल.बी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, कोरेगावहून रोज एसटीने येते. या सत्रात सीपीसी म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता, फौजदारी प्रक्रिया, पुरावा कायदा हे सगळे एकदम आहेत, शिवाय ड्राफ्टिंग आणि मूट कोर्टचे प्रात्यक्षिक पेपर. जेएमएफसीची, म्हणजे कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेची, तयारी आत्तापासूनच करायची आहे. ओळखीचे लोक सांगतात, आधी संविधान आणि न्याय संहिता उरका, ते सोपं पडतं. सीपीसी शेवटी ठेवा. मला रोज कॉलेजव्यतिरिक्त दीड-दोन तास मिळतात. कोणता विषय आधी घेऊ?

उत्तर :

सीपीसी आधी घ्या आणि तिच्याबरोबर दाव्याच्या मुदतीचा लिमिटेशन अ‍ॅक्ट. त्यानंतर पुरावा, मग फौजदारी प्रक्रिया. करार, स्पेसिफिक रिलीफ आणि मालमत्ता हस्तांतरणाचा टीपी अ‍ॅक्ट हे तुमचे मागच्या वर्षांत झालेले विषय आत्ता स्वतंत्रपणे काढू नका, सीपीसी वाचतानाच ते ओढून आणायचे. कसे, ते खाली एका दाव्यावर दाखवते. न्याय संहिता विद्यापीठाची परीक्षा झाल्यावर. संविधान, भाडे नियंत्रण कायदा आणि अ‍ॅट्रॉसिटी कायदा सगळ्यात शेवटी.

तुम्हाला मिळालेला सल्ला उलटा आहे, असं मी का म्हणते त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण पात्रतेचं. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 रोजी ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या प्रकरणात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. त्याआधी महाराष्ट्रात ताज्या पदवीधराला 55 टक्के गुण आणि पहिल्याच प्रयत्नात पास, या जोरावर अर्ज करता येत असे. या निकालानंतर निकालपत्र हातात पडलं की लगेच परीक्षेला बसायचं, हे गणित उरलेलं नाही. म्हणजे तुमच्यासमोर पूर्वपरीक्षेची टांगती तारीख नाही आणि पाठांतराने पटकन गुण देणारे विषय आधी उरकण्याची घाईही नाही. संविधानाची कलमं आज पाठ केलीत तर परीक्षेपर्यंत ती तीनदा विसरून होतील. सीपीसी मात्र एकदा डोक्यात बसली की पुढची तीन वर्षं कोर्टात रोज वापरात राहते. विसरायला जागाच राहत नाही.

दुसरं कारण परीक्षेच्या रचनेचं. पूर्वपरीक्षा 100 गुणांची, वस्तुनिष्ठ. तिचे गुण फक्त मुख्य परीक्षेच्या दारापर्यंत नेतात, अंतिम यादीत धरले जात नाहीत. खरी निवड होते ती मुख्य परीक्षेच्या प्रत्येकी 100 गुणांच्या दोन लेखी पेपरांवर आणि 50 गुणांच्या मुलाखतीवर. पहिला पेपर दिवाणी बाजूचा : सीपीसी, टीपी अ‍ॅक्ट, स्पेसिफिक रिलीफ, करार, वस्तुविक्री, भागीदारी. दुसरा फौजदारी बाजूचा : दंडविधान, पुरावा, फौजदारी प्रक्रिया, अ‍ॅट्रॉसिटी आणि नागरी हक्क संरक्षण कायदा, शिवाय कायदेविषयक निबंध. संविधान, भाडे नियंत्रण आणि लिमिटेशन ही पूर्वपरीक्षेची भर. आता तुमच्या या सत्राच्या विषयांची यादी शेजारी ठेवून बघा. सीपीसी, पुरावा आणि फौजदारी प्रक्रिया दोन्हीकडे आहेत. ज्या विषयाचे विद्यापीठातही गुण आहेत आणि मुख्य परीक्षेतही लेखी उत्तर आहे, त्यावर घातलेला तास दोनदा कामाला येतो. लिमिटेशन सीपीसीबरोबरच होतं; बाकी जो विषय फक्त पूर्वपरीक्षेत आहे, त्याला शेवटचे तीन महिने पुरतात.

या तीन विषयांतही सीपीसीला पहिला नंबर का, तर ती सर्वांत हळू पचते. 158 कलमं आणि 51 आदेश. पहिल्या पानापासून वाचायला घेतली तर साधारण आदेश 9 पर्यंत मुलं टिकतात, पुढे पुस्तक मिटतं. दोष वाचणाऱ्याचा नाही. सीपीसीचा क्रम हा दाव्याचा क्रम आहे, आणि दावा कधी पाहिलाच नसेल तर आदेश 6 पासून 20 पर्यंतची ओळ नुसती जंत्री वाटते. म्हणून माझ्याकडे ज्युनिअर म्हणून आलेल्या किंवा शिकायला बसलेल्या प्रत्येकाला मी आधी एक दावा देते आणि म्हणते, हा शेवटपर्यंत चालवा, लागेल तेवढंच कलम उघडा.

तुम्हालाही एक देते. कोरेगाव तालुक्यात 40 गुंठे बागायत जमीन आहे. मालक अ पुण्यात राहतो. ब कोरेगावचाच. 10 जून 2022 रोजी साठेखत झालं : किंमत 30 लाख, विसार 5 लाख, उरलेली रक्कम घेऊन 31 डिसेंबर 2022 किंवा त्याआधी खरेदीखत करून द्यायचं, ताबाही त्याच वेळी. अ टाळाटाळ करत राहिला. मार्च 2023 मध्ये ब ने नोटीस दिली, अ ने नकाराचं उत्तर पाठवलं. ऑगस्ट 2025 मध्ये अ ने तीच जमीन नोंदणीकृत खरेदीखताने क ला विकली. आता ब ला दावा लावायचा आहे. खरेदीखत करून मिळावं आणि ताबा मिळावा.

पहिला प्रश्न, दावा कुठे लावायचा? निम्मे विद्यार्थी लिहितात, प्रतिवादी पुण्यात राहतो, कलम 20, म्हणून पुणे. चूक. कलम 20 ची सुरुवातच 'वरील मर्यादांच्या अधीन' अशी आहे. मागितलेला आहे स्थावरातला हक्क आणि ताबा, म्हणून कलम 16 चा खंड ड लागतो आणि जमीन ज्या न्यायालयाच्या हद्दीत, तिथेच दावा. कलम 16 चं परंतुक, म्हणजे प्रतिवादीने स्वतः हुकूम पाळून संपूर्ण दाद देता येत असेल तर तो राहतो तिथेही दावा लावता येतो, हे इथे मदतीला येत नाही, कारण ताबा मागितलेला आहे. हर्षद चिमणलाल मोदी विरुद्ध डीएलएफ युनिव्हर्सल या 2005 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच सांगितलं. हा निकाल वाचाच. छोटा आहे आणि कलम 16 ते 21 एका बैठकीत स्वच्छ होतात.

आता समजा कोणी खरंच पुण्यात दावा लावला. काय होईल? इथे दुसरा घोटाळा होतो : 'वादपत्र फेटाळलं जाईल, आदेश 7 नियम 11' असं उत्तर येतं. नाही. हद्द चुकली असेल तर वादपत्र परत केलं जातं, आदेश 7 नियम 10. नियम 11 चं फेटाळणं वेगळं. दाव्याचं कारणच घडलेलं नाही, किंवा वादपत्र वाचूनच दावा कायद्याने बाद आहे असं दिसतं, अशा ठिकाणी ते येतं, आणि तिथे फक्त वादपत्र बघतात, कैफियतीत प्रतिवादी काय म्हणतो ते बघत नाहीत. परत मिळालेलं वादपत्र साताऱ्याला लावलं, तर पुण्यात गेलेला वेळ मुदतीतून वजा होईल का? ते लिमिटेशन अ‍ॅक्टच्या कलम 14 वर अवलंबून : पुण्यातलं काम चिकाटीने आणि प्रामाणिक समजुतीने चालवलं असेल तर होईल. एका चुकलेल्या पत्त्यावरून तुम्ही सीपीसीची पाच-सहा कलमं, एक आदेश आणि लिमिटेशनचं एक कलम फिरून आलात.

दुसरा प्रश्न मुदतीचा. लिमिटेशनचा अनुच्छेद 54, तीन वर्षं. कधीपासून? विद्यार्थी हटकून मार्च 2023 च्या नकारापासून मोजतात, कारण गोष्टीत तो प्रसंग ठळक दिसतो. पण अनुच्छेद 54 मध्ये दोन सुरुवाती आहेत आणि त्यांना क्रम आहे : करारात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, ठरलेलीच नसेल तरच नकार कळल्यापासून. इथे 31 डिसेंबर 2022 ठरलेली आहे. तो दिवस कलम 12 प्रमाणे वगळायचा, म्हणजे मुदत 31 डिसेंबर 2025 ला संपते. त्या दिवशी न्यायालय नाताळच्या सुट्टीमुळे बंद असेल तर? कलम 4 : उघडेल त्या पहिल्या दिवशी लावलेला दावा मुदतीतच. मात्र सुट्टीचे दिवस मुदतीत 'मिळवले' जात नाहीत; शेवटचा दिवस सुट्टीत पडला तरच ही सवलत. हा फरक वस्तुनिष्ठ प्रश्नात नेमका विचारण्याजोगा आहे.

तिसरा प्रश्न, क चं काय? इथे टीपी अ‍ॅक्टचं कलम 52 लिहायची जबरदस्त ओढ वाटते, कारण 'वादग्रस्त जमीन विकली' असं वाचलं की तेच आठवतं. पण क ने जमीन घेतली ऑगस्ट 2025 मध्ये, दावा त्यानंतरचा. कलम 52 दावा चालू असतानाच्या हस्तांतरणाला लागतं. शिवाय महाराष्ट्रात 1939 च्या दुरुस्तीनुसार दावा प्रलंबित असल्याची नोटीस नोंदवलेली असावी लागते, हेही बाहेरच्या राज्यांच्या नोट्स वाचणाऱ्यांना माहीत नसतं. दाव्याआधीच्या खरेदीदाराला लागू पडतं स्पेसिफिक रिलीफचं कलम 19 चा खंड ब : मोबदला देऊन, सद्भावनेने आणि आधीच्या कराराची माहिती नसताना घेतलं असेल तर तो सुरक्षित, एरवी करार त्याच्यावरही बंधनकारक. माहिती होती की नाही, हे ठरवायला पुन्हा टीपी अ‍ॅक्टच्या कलम 3 कडे जावं लागतं : साठेखत नोंदणीकृत असेल तर क ला माहिती होती असंच कायदा धरतो. क ला पक्षकार करायचं, आणि ब जिंकला तर अ बरोबर क नेही खरेदीखतात सामील व्हायचं, हे लाला दुर्गाप्रसाद विरुद्ध लाला दीपचंद या 1954 पासून ठरलेलं आहे.

पुढे वादपत्र. ब ने आपली तयारी आणि इच्छा दाखवायची, स्पेसिफिक रिलीफ कलम 16 चा खंड क. 1 ऑक्टोबर 2018 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तिथून 'कथन करणे' गेलं, 'सिद्ध करणे' राहिलं. पण म्हणून वादपत्रात लिहायचं नाही, असं नव्हे. जे मांडलंच नाही ते सिद्ध कसं करणार? उरलेले 25 लाख ब कडे कुठे होते, बँकेत, कर्जमंजुरीत की नुसते बोलण्यात, हा या दाव्याचा जीव आहे. मागण्यांत खरेदीखत, ताबा आणि पर्यायाने विसार परत, हे तिन्ही स्पष्ट मागावं लागतं. कलम 22 प्रमाणे ताबा आणि विसारपरती न मागता मिळत नाही, मागायची राहिली तर दुरुस्ती करून घ्यावी लागते. अ म्हणेल विसार जप्त झाला. तिथे करार कायद्याचं कलम 74 उघडा. अ म्हणेल 31 डिसेंबर उलटून गेला. तिथे कलम 55 आणि स्थावराच्या व्यवहारात वेळ सहसा कराराचं सार धरली जात नाही, हा नियम. याच गोष्टीत साठेखताच्या वेळीच ताबा दिला होता असा बदल करून बघा, लगेच टीपी अ‍ॅक्टचं कलम 53अ समोर येईल. ते ढाल म्हणूनच चालतं, आणि त्यासाठी साठेखत नोंदणीकृत हवं.

मग निशाणी 5 चा अर्ज. क ने जमीन आणखी कुणाला विकू नये म्हणून तूर्तातूर्त मनाई, आदेश 39 नियम 1 आणि 2. प्रथमदर्शनी केस, सोयीचं पारडं, भरून न येणारं नुकसान या तीन कसोट्या सगळेच लिहितात. गुण मिळतात ते प्रत्येक कसोटी या तथ्यांना लावून दाखवणाऱ्याला. पुढे कैफियत, आदेश 8 नियम 1, 30 दिवस, कारणं नोंदवून 90 पर्यंत. आणि मग या सगळ्याचं सार, आदेश 14 : वादमुद्दे.

माझ्या मते मुख्य परीक्षेची तयारी मोजण्याची सगळ्यात विश्वासू पट्टी वादमुद्दे हीच आहे. वरची हकीकत वाचून वीस मिनिटांत, पुस्तक न उघडता, मुद्दे काढा आणि प्रत्येकापुढे सिद्धतेचा भार कुणावर ते लिहा. साधारण असे यायला हवेत : 10 जून 2022 चं साठेखत वादी सिद्ध करतो का, 5 लाखांचा विसार दिल्याचं सिद्ध करतो का, तो सतत तयार आणि राजी होता का, दावा मुदतीत आहे का, क हा मोबदला देऊन, सद्भावनेने, माहितीविना घेणारा खरेदीदार असल्याचं क सिद्ध करतो का, वादी मागितलेल्या दादीला पात्र आहे का, आदेश काय. पाचव्या मुद्द्यात 'क सिद्ध करतो का' असं लिहिलंत की 'वादी सिद्ध करतो का', यावरून पुरावा कायदा कितपत उतरला आहे ते कळतं. संरक्षण जो मागतो, त्यानेच त्यातली तथ्यं आधी दाखवायची. मुदतीचा मुद्दा राहून गेला तर लिमिटेशन अजून पाठांतरातच आहे. क चा मुद्दाच आला नाही तर स्पेसिफिक रिलीफ परत काढा. मुद्दे जिथे चुकतात, तिथे कुठला कायदा कच्चा आहे ते आपोआप दिसतं.

अशा चार-पाच हकीकती पुरेत : हे साठेखत, वहिवाटीच्या रस्त्याचा अडथळा, वाटपाचा दावा, एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज, आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त. शेवटची दरखास्त टाळू नका. आदेश 21 लांबलचक आहे म्हणून मुलं सोडून देतात. सगळा नाही, पण कलम 38 आणि 47, जप्तीपासून काय सुटतं ते कलम 60, आणि ताब्याला अडथळा आला तर नियम 97 ते 103, एवढं तरी नीट करा.

आता विद्यापीठाच्या पेपरचं काय? तिथे प्रश्न येतो, 'प्राङ्न्यायाचे तत्त्व स्पष्ट करा'. मुख्य परीक्षेत हकीकत देऊन विचारतात, दुसरा दावा चालेल का. दोन्हींसाठी दोन वह्या करण्यात वेळ घालवू नका. कलम 11 वर विद्यापीठासाठी उत्तर लिहाल, त्याच्याच शेवटी सहा-सात ओळींची एक हकीकत आणि तिचा निर्णय लिहा. विद्यापीठाच्या उत्तरातही ते उदाहरण म्हणून शोभतं. उलट दिशेने मात्र हे जमत नाही : बाजारातल्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकातून विद्यापीठाची तयारी केली तर गुण मिळतात, पण कलमाचे शब्द डोळ्यांखालून जात नाहीत, आणि 'वरील मर्यादांच्या अधीन' यासारखा तुकडा कायमचा निसटतो.

मूट कोर्टच्या पेपरात बार कौन्सिलच्या नियमानुसार 30 गुण दोन खटल्यांच्या निरीक्षणाचे असतात, एक दिवाणी, एक फौजदारी. बहुतेक मुलं शेवटच्या आठवड्यात मित्राची डायरी उतरवतात. तुम्ही कॉलेज सुटल्यावर जिल्हा न्यायालयात बसा. दिवाणीसाठी पुराव्याला लागलेला दावा निवडा आणि एखाद्या वकिलांना विनंती करून त्याचे वादपत्र, कैफियत, मुद्दे वाचायला घ्या. मग उलटतपासात विचारलेला प्रत्येक प्रश्न कोणत्या मुद्द्याकडे जातोय, ते डायरीत समासात लिहा. दोन तासांत सीपीसी आणि पुरावा यांची जी गाठ बसते, ती पुस्तकाने बसत नाही. डायरीचे गुण मिळतातच.

फौजदारीसाठी दंडाधिकाऱ्यांसमोरचा पहिला रिमांड बघा. पोलीस आरोपीला हजर करतात, रिमांड रिपोर्ट देतात, सरकारी वकील कोठडीची कारणं सांगतात, बचावाचे वकील विरोध करतात. दहा मिनिटांत संपतं, पण नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 187 त्यात संपूर्ण दिसतं. घरी जाऊन ते कलम वाचा आणि जुन्या 167 शी ताडून बघा. पोलीस कोठडी एकूण 15 दिवसांचीच, पण आता ती पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्यांनी घेता येते; आणि 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क तसाच आहे. या एका कलमापासून सुरुवात करून मागे अटकेकडे आणि पुढे दोषारोपपत्राकडे गेलात, तर 531 कलमांची भीती निम्मी होते.

नव्या-जुन्या क्रमांकांबद्दल. 1 जुलै 2024 पासून तिन्ही नवे कायदे लागू आहेत, पण तुमच्या सीनिअरकडून मिळालेल्या वह्या जुन्या क्रमांकांच्या असणार आणि सर्वोच्च न्यायालयाचे जे निकाल वाचाल त्यांतही जुनेच क्रमांक येणार. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले अजून जुन्या दंडविधानाखाली चालतात, त्यामुळे कोर्टात दोन्ही ऐकू येतात. नवं पाठ करा, आणि जिथे निकाल भरपूर आहेत तेवढ्याच ठिकाणी जुना क्रमांक शेजारी पेन्सिलने लिहा. पुराव्यात 27 आता 23 च्या परंतुकात, 32 आता 26, 65ब आता 63, 106 आता 109. संपूर्ण तक्ता पाठ करायला बसू नका, त्यात महिना जातो आणि कायदा एक ओळ पुढे सरकत नाही.

पुराव्याबद्दल वेगळं फार सांगत नाही. साक्ष अधिनियमाची 170 कलमं आहेत. संबद्धता, कबुलीजबाब, मृत्युपूर्व जबानी, तज्ज्ञ, इलेक्ट्रॉनिक नोंदी, सिद्धतेचा भार, साक्षीदारांची तपासणी, या सात जागा नीट झाल्या की उरलेलं विद्यापीठाच्या तयारीत येतं.

वेळेचं बोलू. दीड तास मिळतो तो सलग घ्या, सकाळी. सत्राचे पहिले सहा-सात आठवडे फक्त सीपीसी आणि लिमिटेशन, वरच्या हकीकतींच्या मागे. पुढचे तीन-चार आठवडे पुरावा, मग फौजदारी प्रक्रिया. एसटीत नवीन काही वाचू नका, उभ्याने होतही नाही. सकाळी उघडलेलं कलम तिथे परत आठवायचं, एवढंच. रविवारी एक हकीकत घेऊन पाऊण तासात हाताने पूर्ण उत्तर लिहा. मुख्य परीक्षेत तीन तास सलग लिहावं लागतं आणि ज्यांनी वर्षभर फक्त पर्याय निवडलेले असतात, त्यांचा शेवटचा प्रश्न अर्धा राहतो. विद्यापीठाच्या परीक्षेआधीचे तीन-चार आठवडे हे सगळं बंद करून फक्त पेपरांचा अभ्यास करा. ड्राफ्टिंगच्या पेपरासाठी मात्र वेगळा अभ्यास लागू नये : वरच्या साठेखताचं वादपत्र, निशाणी 5 चा अर्ज आणि क ची कैफियत लिहून काढलीत की तो बराचसा झालेला असेल.

क्लास लावायचा का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेल. या वर्षी नको. पूर्वपरीक्षेच्या सरावचाचण्यांसाठी पुढे घेता येईल.

निकाल लागला की सनदेसाठी लगेच अर्ज करा, एक महिनाही घालवू नका. तीन वर्षं मोजली जातात तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून. खुल्या प्रवर्गासाठी नोंदणी शुल्क 750 आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये ठरवलं आहे. सीनिअर निवडताना ट्रायल कोर्टात दिवाणी आणि फौजदारी दोन्ही चालवणारे बघा, आणि ज्यांची वकिली दहा वर्षांहून जास्त आहे असे, कारण तुमच्या अनुभवाचं प्रमाणपत्र तशाच वकिलांना देता येतं आणि त्यावर न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांचं पृष्ठांकन लागतं. त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक फाइल ठेवा : ज्या वकीलपत्रावर तुमचं नाव आहे त्याची प्रत, आणि रोजनाम्यात तुमची हजेरी लागली त्या तारखा.